जिन्याचे दोन टू-वे स्विच आणि एकच स्मार्ट रिले

प्रश्न: जिन्याच्या दिव्याला खाली एक, वर एक असे टू-वे स्विच आहेत. एकाच स्मार्ट रिलेवर दोन्ही स्विच आणि मोबाइलचं ॲप, सगळं चालेल का? आमचा मिस्त्री म्हणतो दोन रिले लागतील.

उत्तर:

एकच पुरतो. इंदूरला रामबागेतल्या आमच्या दुमजली घरात तसाच बसवलाय. पण पहिल्यांदा माझी एक चूक झाली, ती तुमच्याकडे होऊ नये म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आत्ता तुमच्याकडे बहुधा असं असेल: खालच्या स्विचच्या कॉमनला फेज, दोन्ही स्विचमध्ये दोन तारा, आणि वरच्या स्विचच्या कॉमनमधून एक तार दिव्याला. ही शेवटची तार सोडवायची. वरच्या कॉमनमधून निघणारी तार आता दिव्याला न जाता रिलेच्या `SW` स्क्रूला जाईल, आणि दिव्याची तार रिलेच्या `O` ला. म्हणजे दोन्ही स्विच मिळून रिलेला फक्त इशारा देतात, दिवा रिले लावतो. रिले असा घ्या ज्याच्या `SW` ला फेज चालतो. शेली कंपनीचे 230 व्होल्टवाले तसे आहेत. ज्यावर `S1` आणि `S2` असे दोन स्क्रू असतात आणि कोरडा, म्हणजे व्होल्टेज नसलेला, कॉन्टॅक्ट मागतात, त्यांना असा फेज दिला तर ते जळतात.

आता माझी चूक. रिलेला स्वतःचा कायमचा फेज आणि न्यूट्रल लागतो. वरच्या बोर्डात पाच पिनचं सॉकेट होतं, मी तिथूनच दोन्ही घेतले. आठवडाभर सगळं छान चाललं. मग एका संध्याकाळी लाइट गेली. जिन्याचा दिवा इन्व्हर्टरवर आहे, पण ते सॉकेट नव्हतं. रिलेच बंद, त्यामुळे दोन्ही स्विच कितीही दाबले तरी काही होईना, आणि आजी अर्ध्या जिन्यात कठडा धरून उभी. आधी जो दिवा लाइट गेल्यावरही लागायचा, तो मी बंद पाडला होता. याहून वाईट म्हणजे घरात तीन फेजचं कनेक्शन असेल आणि वरचं सॉकेट दुसऱ्या फेजवर असेल, तर `SW` आणि `L` यांच्यात 400 व्होल्टच्या वर येतात.

म्हणून नियम एकच: खालच्या स्विचला ज्या सर्किटचा फेज येतो, त्याच सर्किटचा फेज आणि न्यूट्रल रिलेला द्यायचा. आम्ही खालच्या बोर्डातून 1.5 चौरस मिलिमीटरच्या लाल-काळ्या दोन तारा त्याच पाइपातून वर ओढल्या. काम करताना मेन पाडलात तरी इन्व्हर्टरचा फेज जिवंत राहतो, तोही बंद करा आणि तार धरण्याआधी टेस्टर लावून बघा. वायरिंगची सवय नसेल तर हे मिस्त्रीकडूनच करून घ्या, फक्त कुठली तार कुठे ते त्याला हे वाचून दाखवा.

दुसरी गोष्ट सेटिंगची. बरेच जण इथे अडकतात आणि वायरिंग चुकलं असं समजतात. `follow` मोडमध्ये रिले स्विचची स्थिती बघतो, त्यामुळे ॲपवरून दिवा बंद केलात की जिन्यातला स्विच पहिल्यांदा दाबल्यावर काहीच होत नाही, दुसऱ्यांदा दाबावा लागतो. टू-वेमध्ये वर-खाली या स्थितीला अर्थच नसतो, अर्थ असतो बदलाला. म्हणून `flip` हवा, शेलीच्या जुन्या मॉडेलमध्ये त्यालाच `Edge` म्हणतात. नव्या मॉडेलला ब्राउझरमधून असंही देता येतं, फक्त आयपी तुमच्या रिलेचा टाका:

```
http://192.168.1.50/rpc/Switch.SetConfig?id=0&config={"in_mode":"flip","initial_state":"restore_last"}
```

`restore_last` मुळे वीज जाऊन आली की दिवा आधी होता तसाच राहतो. `match_input` देऊ नका, नाहीतर रात्री लाइट आल्यावर दिवा आपोआप लागलेला सापडेल. इंटरनेट किंवा वायफाय बंद असलं तरी भिंतीवरचे स्विच चालतात, कारण इशारा तारेनंच येतो.

एवढं करूनही कधी दिवा आपोआप लागत असेल, किंवा स्विच दाबून रिले ऐकत नसेल, तर दोन्ही स्विचमधल्या दोन तारांपैकी मोकळ्या तारेत शेजारच्या फेजमुळे व्होल्टेज उतरतंय. टेस्टर मंद पेटतो, मीटर 60-80 व्होल्ट दाखवतो, पण त्या तारेला न्यूट्रलशी 15 वॉटचा जुना फिलामेंटवाला बल्ब जोडला तर तो पेटत नाही आणि मीटर शून्याजवळ येतो. तसं असेल तर `SW` आणि `N` यांच्यामध्ये 0.1 मायक्रोफॅरड आणि 100 ओमचा आरसी स्नबर बसवा. तो थेट 230 व्होल्टच्या लाइनवर चालणाराच घ्या, साधा कपॅसिटर नको. इंदूरला असाल तर महाराणी रोडवरच्या इलेक्ट्रिकच्या दुकानांत विचारा.