रात्रपाळीत ट्रेड करतोस? आधी दहा फेऱ्यांचा हिशेब मांड

भाऊ, मीही जळगावात रात्रपाळीचे कॉल घ्यायचो आणि दोन कॉलांच्या मधे क्रिप्टोचं ॲप उघडायचो. शेअर बाजार दुपारी साडेतीनला बंद होतो. क्रिप्टो बंदच होत नाही, त्यामुळे थांबायची वेळ आपल्यालाच ठरवावी लागते.

एका रात्री मी दहा हजार रुपये दहा वेळा फिरवले. पहाटे भाव जवळपास तिथेच होता. पण खरेदीला ०.२ आणि विक्रीला ०.२ टक्के फी, म्हणजे फेरीला ४० रुपये; ४०० तिथेच गेले. एकूण विक्री लाखाची, म्हणून १ टक्का टीडीएसचे हजार रुपये कापले गेले. ते रिटर्न भरताना हिशेबात येतात, तोवर अडकून पडतात. वर पाच ट्रेड नफ्याचे, पाच तोट्याचे. क्रिप्टोत तोटा नफ्यातून वजा होत नाही, नफ्यावर ३० टक्के कर लागतोच.

सुरुवातीला एवढंच कर:
- शिफ्टमध्ये ॲपमधून लॉगआउट राहा.
- झोप झाल्यावर, दुपारी, आपला भाव आधीच ठरवून लिमिट ऑर्डर लावून ठेव.
- आठवड्याला दोनच ट्रेड, आणि कारण आधी वहीत लिही. ‘भाव हलतोय’ एवढंच सुचलं तर ऑर्डर देऊ नकोस. मी त्या रात्री दहाही वेळा तेवढ्यावरच दिली होती.

फ्युचर्सचं नंतर बघू.