साठीला एक कोटी पुरतील का?

"वय ४५, परभणी जिल्ह्यात कृषी सेवा केंद्र आहे, पेन्शन नाही. घरखर्च महिना ३० हजार. वर्षाचे ३ लाख ६० हजार, गुणिले २५ केले की ९० लाख होतात. म्हणून साठाव्या वर्षी एक कोटी जमले की दुकान बंद करून सगळे एफडीत टाकायचं ठरवलंय. पाच एकर कोरडवाहू आहे, ठोक्यानं दिली तर वर्षाला ६० हजार येतील. बरोबर चाललंय ना?"

भाऊ, २५ नं गुणायचं का ते पुढं बघू, पण आधी हे बघा की तुम्ही गुणला तो आजचा खर्च, आणि तुम्हाला तर साठाव्या वर्षीचा खर्च गुणायचाय. महागाई ६ टक्के धरली तर १५ वर्षांत खर्च साधारण २.४ पट होतो. म्हणजे आज ज्या घराला ३० हजार लागतात त्याच घराला तेव्हा ७२ हजार लागतील, वर्षाचे ८ लाख ६४ हजार, आणि हे काही चैन वाढली म्हणून नाही, तेच तेल, तीच डाळ, तेच लाइटबिल. आता तुमचे एक कोटी भागिले ८ लाख ६४ हजार करून बघा, साडेअकरा येतात. एफडीचं व्याज महागाईइतकंच मिळालं तर बहात्तरी गाठायच्या आत पैसे संपले.

हा २५ पटीचा आकडा कुठून आला तेही बघा, कारण दुसरी गडबड तिथंच आहे. विल्यम बेंगेन नावाच्या अमेरिकन प्लॅनरनं १९९४ मध्ये तिथल्या बाजाराचा १९२६ पासूनचा हिशोब तपासला आणि सांगितलं की पहिल्या वर्षी जमा रकमेच्या ४ टक्के काढा, पुढं दरवर्षी तीच रक्कम महागाईइतकी वाढवत न्या, तर पैसा ३० वर्षं टिकतो. बरेच जण समजतात की दरवर्षी शिलकीचे ४ टक्के काढायचे, तसं नाहीये. आणि मुख्य म्हणजे त्याच्या हिशोबात निम्मे ते पाऊण पैसे शेअर्समध्ये होते, बाकीचे सरकारी बाँडमध्ये. तुम्ही तर सगळेच एफडीत टाकणार.

एफडीला ७ टक्के व्याज धरा, त्यातून टॅक्स गेला की हातात सहाच्या आसपास राहतात आणि महागाईही सहाच, म्हणजे पैसा दिसायला वाढतो पण त्याची खरेदीची ताकद आहे तिथंच राहते. अशा वेळी सरळ हिशोब लागतो, जितकी वर्षं काढायची तितक्या वर्षांचा खर्च हातात पाहिजे. नव्वदीपर्यंत धरलं तर ३० पट, म्हणजे पहिल्या वर्षी ४ नाही तर ३.३ टक्केच काढायचे. ८ लाख ६४ हजार गुणिले ३०, झाले २ कोटी ५९ लाख.

आता जमीन. ठोक्याचे पैसे खर्चातून आधी वजा करायचे आणि मग गुणायचं. पण मी ६० हजार पूर्ण धरणार नाही, मराठवाड्यात पावसानं ताण दिला आणि सोयाबीन गेलं की ठोक्यानं करणारा माणूस पैसे कुठून देणार, तुम्ही उधारीच्या वहीत हे दरसाल बघताच. म्हणून निम्मे, ३० हजार धरा. मग आजचा खर्च ३ लाख ३० हजार, साठीला ७ लाख ९२ हजार, गुणिले ३० म्हणजे २ कोटी ३८ लाख. ठोका पण महागाईबरोबर वाढत जाईल हे यात गृहीत आहे. तुमचं खरं टार्गेट हे, आणि एवढे होईपर्यंत दुकान बंद करू नका, साठी उलटली तरी चालेल.

महिन्याच्या घरखर्चाच्या ३० हजारांत पोरांच्या फीया असतील तर त्या काढून टाका, पण दवाखान्याचा विमा घाला, त्याचा हप्ता वय वाढेल तसा लई वाढतो.

तिसरा हिस्सा इंडेक्स फंडात, म्हणजे सेन्सेक्ससारख्या निर्देशांकातले शेअर्स घेणाऱ्या फंडात, ठेवलात तर मला आवडेल, पण तेवढ्यावरून टार्गेट कमी करू नका. २००८ मध्ये सेन्सेक्स जानेवारीत २१ हजारांवर होता आणि ऑक्टोबरात ९ हजारांच्या खाली आला. रिटायर झाल्याच्या पहिल्याच वर्षी असं झालं आणि खर्चासाठी पडत्या भावात युनिट विकावे लागले तर बाजार नंतर वर आला तरी विकलेले परत येत नाहीत. तो हिस्सा नव्वदीच्या पुढं जगलात तर, यासाठी.

रिटायर झाल्यावर दर पाडव्याला एकच भागाकार करायचा, शिल्लक रक्कम भागिले त्या वर्षीचा खर्च, ठोका वजा करून. पासष्टाव्या वर्षी उत्तर २५ च्या खाली नको, सत्तरीला २० च्या खाली नको. उत्तर दोन-तीननं कमी आलं तर त्याच वर्षी खर्च आवळा किंवा एखादा एकर विकायचं बघा, कारण पंच्याहत्तरीला हे कळून हातात करण्यासारखं फार काही उरत नाही.