चायनाच्या जॅकेटवर XL लिहिलंय तरी छातीत बसत नाही, 180/96A म्हणजे नक्की काय?

प्रश्न: आतेभावाने ग्वांगझूहून जॅकेट आणलं. मी शर्ट ४२ घालतो, दुकानात L होतो, म्हणून त्याला XL सांगितलं होतं. छातीत इतकं टाइट की चेन लागत नाही, आणि बाह्या मात्र बोटांपर्यंत येतात! लेबलवर XL आणि खाली 180/96A असं आहे. माझी उंची ५ फूट ७ इंच, कंबर ३८. पुढच्या वेळी काय साइज सांगू?

उत्तर:

तुमच्या बाह्या लांब का आणि छाती टाइट का, या दोन्हीचं उत्तर त्या छोट्या आकड्यातच आहे, पण तो कोणी वाचत नाही, सगळे XL बघतात. मी काही वर्षं भिवंडीत एका गोडाऊनला इंपोर्टेड कपड्यांचं चेकिंग करायचो, रोज टेप घेऊन हेच काम, त्यामुळे हा विषय जरा जास्तच माहीत आहे.

पहिला आकडा 180, म्हणजे उंची सेंटिमीटरमध्ये. दुसरा 96, म्हणजे छातीचा घेर, तोही सेंटिमीटरमध्ये. आणि हे कपड्याचं माप नाही, माणसाचं माप आहे! १८० सेंमी उंच आणि ९६ सेंमी छाती असलेल्या माणसासाठी हा कपडा बनवलाय एवढंच ते सांगतं. आता ९६ ला २.५४ ने भागा, ३७.८ येतात. म्हणजे तुमचं ते XL जॅकेट साधारण ३८ छातीच्या माणसाचं आहे, आणि तुमची छाती ४२, सेंटिमीटरमध्ये १०७. लेबल खोटं नाही बोललं, आपण चुकीचं अक्षर वाचलं. पँटवर हेच लेबल असेल तर दुसरा आकडा छातीचा नसून कंबरेचा असतो, एवढं लक्षात ठेवा.

XL, L, M ही अक्षरं चीनच्या स्टँडर्डमध्ये नाहीतच, GB/T 1335 नावाचं जे स्टँडर्ड आहे त्यात फक्त उंची, घेर आणि शेवटचं अक्षर आहे. M, L हे फॅक्टरीवाले आपल्या सोयीने वर चिकटवतात. तिथल्या पुरुषांच्या मापाचा मधला माणूस १७० उंची आणि ८८ छातीचा धरलेला आहे, तो झाला M. त्याच्यापुढे L म्हणजे 175/92A, XL म्हणजे 180/96A. ८८ म्हणजे जेमतेम ३५ इंच! आणि आपल्याकडे शर्टाचं M म्हटलं की ३८ नाहीतर ४०. एकाच अक्षराचे दोन देशांत दोन अर्थ, आणि मधे अडकतो तो पैसे देणारा.

आता बाह्यांचं. वरची शिडी नीट बघा, एक पायरी चढलं की छाती ४ सेंमीने वाढते पण सोबत उंचीही ५ सेंमीने वाढते. म्हणजे तुम्ही छातीसाठी मोठं साइज मागितलं की कपडा उंच माणसाचा येतो, बाह्या लांब, लांबी जास्त. तुमच्यासाठी १०८ छाती हवी. M च्या ८८ पासून १०८ पर्यंत पाच पायऱ्या, तर उंची १७० + २५ = १९५! १९५ सेंमी म्हणजे जवळपास ६ फूट ५ इंच. तुम्ही १७० चे. म्हणून तुम्ही XXL, XXXL असं वर वर जात राहिलात तरी छाती जुळेपर्यंत बाह्या गुडघ्याकडे निघतील, थोडं वाढवून सांगतोय पण मुद्दा समजला असेल.

यातून सुटका शेवटच्या अक्षरात आहे, आणि तेच सगळ्यात दुर्लक्षित. Y, A, B, C ही बॉडी टाइपची अक्षरं, छातीतून कंबर वजा केली की किती उरतं त्यावरून ठरतात. पुरुषांमध्ये १७ ते २२ सेंमी उरले तर Y (जिमवाले), १२ ते १६ तर A, ७ ते ११ तर B, २ ते ६ तर C. तुमचं करून बघू, छाती १०७, कंबर ३८ इंच म्हणजे ९६.५, उरले साधारण १०. म्हणजे तुम्ही B. A वाला कपडा कमरेला आत घेतलेला असतो, तुमचं जॅकेट पोटाशीही आवळत असणार, बरोबर? तुमचं खरं लेबल 170/108B च्या आसपासचं. पण प्रॉब्लेम असा की साध्या रेडीमेड मालात ९९ टक्के वेळा A च सापडतो, B आणि C तिकडच्या सूट-ब्लेझरवाल्यांकडे मिळतो. (९९ टक्के हा माझा अंदाज, कुठला सर्वे नाही.) बायकांचे कपडे असतील तर अक्षरं हीच पण फरकाचे आकडे वेगळे, A म्हणजे १४ ते १८, आणि मधली बाई 160/84A, म्हणजे छाती ३३ इंच. आपल्या कुर्तीच्या M शी याचा काही संबंध नाही.

मग पुढच्या वेळी साइज सांगूच नका. माप सांगा, तेही अंगाचं नाही, कपड्याचं. तुमच्याकडे जे जॅकेट मस्त बसतं ते चेन लावून टेबलवर सपाट पसरा, एका काखेच्या शिवणीपासून दुसऱ्या काखेपर्यंत टेप लावा. समजा ६० सेंमी आलं, दुप्पट करा, १२०. हे कपड्याचं छातीचं माप. तुमची छाती १०७, म्हणजे मोकळीक १३ सेंमी, हुडी किंवा पातळ स्वेटरवर चालणारं जॅकेट. जाड स्वेटर घालणार असाल तर १६-२० लागते, शर्टाला ८-१२ पुरते. तुमचं आत्ताचं XL तसंच मोजून बघा, मी बघितलेल्या मालावरून ११० ते ११४ च्या दरम्यान येईल. ११२ धरलं तर मोकळीक पाचच सेंमी, जॅकेटला त्यात चेन लागणं म्हणजे श्वास रोखून धरण्यासारखंच आहे.

तिकडचे ऑनलाइन विक्रेते प्रत्येक साइजचा तक्ता देतात, आणि तो कपड्याच्या मापाचा असतो. आतेभावाला सांगा की फोनवर तीन शब्द शोध, 胸围 म्हणजे छाती, 肩宽 म्हणजे शोल्डर, 袖长 म्हणजे बाही. या तीन आकड्यांची तुमच्या टेबलवरच्या जॅकेटशी तुलना करायची. छातीचा आकडा ५६, ६० असा दिसला तर समजा सपाट मोजलंय, दुप्पट करा, आणि ११०-१२० असेल तर पूर्ण घेर. हाताने मोजल्यामुळे १ ते ३ सेंमी फरक पडू शकतो असं बहुतेक जण खाली लिहितात, म्हणून काठावरचा आकडा घेऊ नका. शोल्डर सगळ्यात आधी बघा, छाती एकवेळ उघडी ठेवून घालता येते पण शोल्डर कमी असेल तर हातच वर होत नाही.

आणि एक मजेदार सापळा. तक्त्यात बऱ्याचदा वजनावरून साइज सुचवलेलं असतं, आणि वजन 斤 मध्ये असतं. हे जिन नावाचं तिकडचं माप, एक जिन म्हणजे अर्धा किलो. पण भाषांतर करणारं ॲप कधीकधी ते सरळ "किलो" करून टाकतं. माझा मेव्हणा ६८ किलोचा, त्याला तक्ता दिसला S: 90-105 kg, M: 105-120, L: 120-135, XL: 135-150. त्याने डोकं लावलं की आपण सगळ्यात बारीक, S मागवलं! खरं म्हणजे ६८ किलो म्हणजे १३६ जिन, त्याला XL हवं होतं. ते टीशर्ट आता त्याचा सातवीतला मुलगा घालतो. तसंच कंबरेचं माप कधी 尺 मध्ये देतात, म्हणजे सुमारे ३३ सेंमी, 2尺4 म्हणजे ८० सेंमी. ते "२ फूट ४" म्हणून वाचलं तर २८ इंच होतात, प्रत्यक्षात ३१.५ आहेत. आणि 均码 दिसलं तर लांबच राहा, म्हणजे फ्री साइज, आणि तो "फ्री" तिकडच्या सडपातळ मुलींचा फ्री असतो.

लेबलवर आकडा नाहीच आणि फक्त XL आहे असंही होतं. चीनमध्ये विकायच्या कपड्यावर उंची-घेराचा आकडा छापावा लागतो, त्यामुळे नुसतं XL दिसलं तर तो माल बहुधा बाहेरच्या देशाच्या ऑर्डरचा असतो, आणि तो अमेरिकन मापाने मोठाही निघू शकतो. म्हणजे एकाच बाजारात दोन XL, एक ३८ चं आणि एक ४६ चं, शेजारी शेजारी टांगलेलं. तिथे टेपशिवाय पर्याय नाही.

कोरिया-जपानचं थोडक्यात, कारण तुम्ही उद्या तेही मागवाल. कोरियन पुरुषांच्या कपड्यावर 95, 100, 105 असतं, ती सरळ छाती सेंटिमीटरमध्ये, तुमच्यासाठी ११० बघा. जपानच्या पुरुषांच्या M मध्ये ८८ ते ९६ छाती बसते आणि L मध्ये ९६ ते १०४, म्हणजे तिथेही तुम्ही L च्या बाहेर. जपानचे M-L निदान पट्टा देतात, नेमकं माप नाही, त्यामुळे थोडी गफलत खपून जाते.

आता या जॅकेटचं काय करायचं. आपल्या टेलरकडे नेऊन साइडची शिवण उसवून बघायला सांगा, आत मार्जिन किती आहे ते. ओव्हरलॉक करून १ सेंमी ठेवलेलं असेल तर, आणि बहुतेक तसंच असतं, काही होणार नाही, पाच सेंमी मोकळीक तेरा करायची तर आठ सेंमी कापड कुठून आणणार. बाह्या कमी करता येतील पण त्याने छाती सुटत नाही, म्हणून त्यावर पैसे घालवू नका. ३८ छाती आणि ५ फूट १०-११ उंचीचा कोणी भाचा-पुतण्या असेल तर त्याला देऊन टाका, त्याला ते शिवून घेतल्यासारखं बसेल.