आठ बुधवार मागताना

प्रिय मित्रा,

साहेबांना पाठवण्यासाठी तू लिहिलेला मसुदा वाचला. भाषा नम्र आहे, परंतु 'मॅरेथॉनच्या तयारीसाठी पुढील काही महिने कामाच्या वेळेत थोडी सवलत मिळावी' या वाक्यातून साहेबांना काहीही ठरवता येणार नाही. किती महिने, कोणत्या दिवशी आणि त्या वेळेतले काम कोण पाहणार, हे सारे त्यांनीच विचारायचे राहते. ज्या अर्जाचा शेवट दिसत नाही, त्याला होकार देण्यापेक्षा 'बघू' म्हणणे कोणत्याही वरिष्ठाला सोपे जाते. म्हणून पत्राला हात लावण्याआधी आपल्याला नेमके किती हवे आहे, हे सरावाच्या तक्त्यावरून काढावे.

तुझा तक्ता 18 आठवड्यांचा आहे आणि शर्यत रविवारी, 18 जानेवारीला आहे. 30 किलोमीटरच्या आसपास जाणारी लांब धाव रविवारी येते, त्यामुळे तिचा कार्यालयाशी काही संबंध नाही. मंगळवारची वेगाची धाव आणि गुरुवारची सावकाश धाव दहा-बारा किलोमीटरच्या पुढे जात नाही, म्हणजे त्याही नऊच्या आत आटोपतात. अडचण केवळ बुधवारच्या मध्यम-लांब धावेची आहे, आणि तीही सुरुवातीच्या सात आठवड्यांत नाही, कारण तोपर्यंत तिचे अंतर 14 किलोमीटरच्या आतच राहते. शेवटच्या तीन आठवड्यांत अंतर पुन्हा उतरत जाते. म्हणजे अठरा आठवड्यांपैकी अडचणीचे आठवडे आठच.

आता वेळेचा हिशेब पाहू. किलोमीटरला साडेसहा मिनिटे या तुझ्या गतीने 18 किलोमीटरला सुमारे दोन तास लागतात. साडेपाचला निघालास तर साडेसातला घरी येशील. अंग सैल करणे, आंघोळ आणि खाणे यांना पाऊण तास धर आणि प्रवासाला एक तास, म्हणजे कार्यालयाच्या दारात सव्वानऊ वाजतात. ज्या बुधवारी 20 किलोमीटर आहेत, त्या दिवशी साडेनऊ होतील. तू मसुद्यात अकरा वाजताची वेळ मागितली आहेस, ती या हिशेबात कुठेच बसत नाही. दहाची वेळ माग. अर्ध्या तासाची मोकळीक राहते, आणि उशीर झाला म्हणून फोन करण्याची पाळी एकदाही येत नाही. सवलत मिळाल्यावर त्याच सवलतीत उशीर करणे हे मुळात सवलत न मागण्यापेक्षा वाईट दिसते.

साहेब दोन प्रश्न हमखास विचारतील. पहिला, ही धाव संध्याकाळी का नाही? दिवसभराच्या कामानंतर दोन तास धावले की जेवण आणि झोप दोन्ही लांबतात, आणि गुरुवारी पहाटे पुन्हा धाव असल्याने विश्रांतीला वेळच उरत नाही. दुसरा, अर्धी सकाळी आणि अर्धी संध्याकाळी का नाही? तर या धावेचा उपयोगच थकलेल्या पायांनी सलग पुढे जात राहण्याची सवय होण्यात आहे, आणि दोन तुकडे केले की अंतर भरते पण ती सवय होत नाही. ही उत्तरे तोंडी तयार ठेव, पत्रात घालू नकोस. पत्र वाचणाऱ्याला धावण्याचे शास्त्र शिकवण्याची गरज नसते. म्हणूनच तक्ताही सोबत जोडू नये, आणि 'धावण्याने माझी कार्यक्षमता वाढेल' हे वाक्य तर काढूनच टाक. ते कोणालाही पटत नाही, आणि पुढे एखाद्या कामात चूक झाली की तेच वाक्य आठवणीत राहते.

पाठवण्याआधी एक गोष्ट मात्र अवश्य कर. बुधवारी साडेनऊला तुमची आढावा बैठक असते. प्रवासात फोनवरून तिला जोडला जाईन, असे तू लिहिले आहेस. गर्दीत धड ऐकूही येत नाही आणि बोलता तर त्याहून येत नाही, तेव्हा ते आश्वासन देऊ नये. त्याऐवजी तुझ्या कामाची स्थिती मंगळवारी संध्याकाळी लेखी दे आणि बैठकीत ती मांडायला तुझ्या शेजारची सहकारी तयार आहे का, हे तिला आधी विचार. तिचे नाव तिला न विचारता पत्रात गेले, तर साहेबांच्या होकारानंतरही ती व्यवस्था दुसऱ्या आठवड्यात मोडेल.

मी असे लिहिले असते:

'महोदय, 18 जानेवारीला होणाऱ्या मॅरेथॉनची मी तयारी करत आहे. त्यासाठी 5 नोव्हेंबर ते 24 डिसेंबर या काळातील आठ बुधवारी सकाळी नऊऐवजी दहा वाजता येऊन सायंकाळी सहाऐवजी सात वाजेपर्यंत काम करण्याची परवानगी मिळावी, अशी विनंती आहे. इतर दिवशी वेळेत कोणताही बदल नसेल. बुधवारच्या बैठकीसाठी माझ्या कामाचा तपशील मी मंगळवारी सायंकाळी पाठवीन आणि तो मांडण्यास माझ्या सहकारी तयार आहेत. 26 नोव्हेंबरला महिनाअखेरच्या कामामुळे मी नेहमीप्रमाणे नऊ वाजता उपस्थित राहीन. पहिल्या दोन बुधवारांनंतर ही व्यवस्था कामास अडचणीची वाटल्यास ती थांबवावी. सोमवार, 19 जानेवारीच्या रजेचा अर्ज स्वतंत्रपणे देत आहे.'

26 नोव्हेंबरचा बुधवार मी मुद्दाम सोडला आहे. कामाच्या घाईचा दिवस तुला आधीच ठाऊक होता, हे त्यावरून दिसते, आणि उरलेल्या सात बुधवारांची मागणी हलकी वाटते. त्या आठवड्यात ही धाव 14 किलोमीटरवर आण. एका आठवड्याने काही बिघडत नाही. शुक्रवारी मात्र ती ढकलू नकोस, कारण रविवारच्या लांब धावेआधी पाय मोकळे व्हायला एकच दिवस उरेल.

परवानगी मिळाल्यावर एक पथ्य पाळायचे आहे. नडगी दुखते म्हणून किंवा ताप आला म्हणून एखाद्या बुधवारी धाव झाली नाही, पण कामावर यायचेच आहे, तर त्या दिवशी नऊ वाजताच ये. धाव चुकली तरी दहाला येणारा माणूस लगेच ओळखू येतो, आणि तो आधी सहकाऱ्यांच्या लक्षात येतो. दुखापतीने तयारीच थांबवावी लागली, तर त्याच आठवड्यात साहेबांना दोन ओळी लिहून सवलत परत कर.

नकार आला, तर कारण एकदाच विचार आणि वाद घालू नकोस. बुधवारची धाव 14 किलोमीटरवर थांबवलीस तर सात वाजता घरी, पावणेआठला बाहेर आणि पावणेनऊला कार्यालयात पोहोचशील. उरलेले चार-सहा किलोमीटर शनिवारी सावकाश गतीने भरून काढता येतील, मात्र त्या रविवारच्या लांब धावेची पहिली काही किलोमीटरे मुद्दाम संथ ठेव. अशा तयारीने शर्यत पूर्ण होते. मनातली वेळ कदाचित काही मिनिटांनी पुढे सरकेल, एवढेच.

तुझा,
एक जुना धावपटू