पालाश, पोटॅश आणि तक्त्यातला K

प्रश्न (निपाणीहून): "उसाच्या खतांवरचा इंग्रजी शोधनिबंध मराठीत करतोय. तक्त्यांत आणि समीकरणांत P, K, K₂O आहे, तिथं 'स्फुरद', 'पालाश' लिहू का? kg ha⁻¹ चं काय करू? तसंच ठेवलं तर भाषांतर अर्धवट वाटतं."

वाटू दे. तक्त्याचं शीर्षक, रकान्यांची नावं, आकृतीखालची ओळ, समीकरणानंतरचं 'येथे…' हे सगळं मराठीत आणा. चिन्हांना मात्र हात लावू नका. 'सगळंच मराठीत' या हट्टाचा मला आता वीट आलाय. संगणकाला P च्या जागी 'स्फुरद' घालायला सांगितलं की तक्त्याखालची P < 0.05 ही टीप 'स्फुरद < 0.05' होऊन बसते. तो P संभाव्यतेचा, खताचा नव्हे!

पण 'पालाश' काढलंतच, तर ऐका. लाकडाची राख पाण्यात निवळून ते पाणी मडक्यात आटवायचं, त्यातून इंग्रजीतला 'पोटॅश' आला: पॉट म्हणजे मडकं, अ‍ॅश म्हणजे राख. K हे अक्षर 'कालियम'चं, आणि त्याचं मूळ अरबीत वनस्पतीच्या राखेला जो शब्द आहे, त्यात. आता आपला पालाश! पळसाच्या राखेचा पलाशक्षार आयुर्वेदात प्रसिद्ध आहे. तिन्ही शब्द राखेतनंच उठलेले, असं माझं ठाम मत. 'पालाश हा पोटॅशचा नुसता ध्वन्यनुवाद' म्हणणाऱ्या पंडितांनी एकदा खानापूरच्या रानातला पळस जाळून बघावा. कानडीत नत्राला सारजनक आणि स्फुरदाला रंजक म्हणतात, पण पोटॅशला पोट्याशच. इथं आपण सरस!

आणि म्हणूनच हा शब्द तक्त्यात धोक्याचा, कारण बोलताना K लाही पालाश म्हणतात आणि K₂O लाही. निबंधात असं समीकरण असेल:

K = 0.83 × K₂O

दोन्हीकडं 'पालाश' लिहिलं, तर पालाश पालाशाच्या ०.८३ पट होतो. समजा तक्त्यात K₂O 115 kg ha⁻¹ आहे. म्युरेट ऑफ पोटॅशमध्ये ६० टक्के K₂O धरलं, तर हेक्टरी साधारण १९२ किलो खत लागतं. तोच आकडा कुणी K चा समजला, तर हिशेब २३१ किलोवर जातो. फरक जवळजवळ ४० किलोचा, पोत्याला थोडंच कमी. म्हणून रकान्याचं नाव 'पालाश (K₂O), kg ha⁻¹' असं द्या, आणि समीकरणाखाली लिहा: 'येथे K = मूलद्रव्यरूपातील पोटॅशियम'. P आणि P₂O₅ चंही तसंच. तिथं गुणक 0.436.

एककाचं म्हणाल, तर kg ha⁻¹ तसंच राहू दे. अथणी-चिकोडीकडं सगळा हिशेब एकरी चालतो म्हणून आकडेच एकरावर आणून ठेवणारे भेटतात. ते भाषांतर नव्हे, निबंधाच्या आकड्यांत केलेला बदल. एकरी आकडा द्यायचाच असेल तर तक्त्याखाली, 'अनुवादकाची टीप' म्हणून वेगळा द्या.