हप्ता बसतो, पण गाडी बसते का?

प्रश्न: आम्ही जुळे सोलापूरला राहतो. मी चिंचोळी एमआयडीसीत नोकरीला, पत्नी खाजगी शाळेत शिक्षिका. दोघांचे मिळून हातात ८२ हजार येतात. घराच्या हप्त्यासह महिन्याचा खर्च ६६ हजार, म्हणजे १६ हजार उरतात. ९ लाखांची गाडी घ्यायची आहे. एफडीतले २ लाख भरले तर ७ लाखांच्या कर्जाला पाच वर्षं १४,५०० हप्ता येतो. आईवडील बार्शीला असतात, महिन्यातून एकदा जावंच लागतं. हप्ता बसतोय, मग घ्यावी ना? पासबुक, कर्जाचं वार्षिक पत्रक आणि मालमत्तेची यादी सोबत पाठवतोय.

उत्तर: आत्ता घेऊ नका. हे मी अंदाजाने सांगत नाही, तुम्हीच पाठवलेल्या कागदांवरून सांगतो आहे.

सुरुवात पासबुकापासून करू. महिन्याला खरोखर १६ हजार उरत असतील तर वर्षात १ लाख ९२ हजार कुठेतरी साठलेले दिसायला हवेत. तुमच्या खात्यात गेल्या वर्षी १ एप्रिलला ६१ हजार होते, ३१ मार्चला ८५ हजार. वाढ २४ हजारांची. एफडी तुम्ही वाढवलेली नाही, नवी गुंतवणूकही नाही. मग १ लाख ६८ हजार गेले कुठे? उधळले नाहीत. जूनमध्ये दोन मुलांची फी ६४ हजार, एलआयसीचा हप्ता ३० हजार, आरोग्य विमा २२ हजार, मालमत्ता कर आणि सोसायटीचा मेंटेनन्स मिळून २१ हजार, दुचाकींचा विमा आणि सर्व्हिसिंग ७ हजार, आणि गड्ड्याची यात्रा, लग्नकार्यं, आहेर यांचे २४ हजार. बेरीज बरोबर १ लाख ६८ हजार येते. (दिवाळीचा बोनस दिवाळीतच संपतो, म्हणून तो दोन्ही बाजूंनी सोडून दिला.)

पगारदार घरांच्या हिशोबात हमखास चुकतं ते इथे. आपण खर्च महिन्याच्या चौकटीत मोजतो आणि वर्षातून एकदाच येणारा खर्च त्या चौकटीबाहेर राहतो. कंपनीचा हिशोबनीस वर्षाचा विमा बारा महिन्यांत वाटून लिहितो, पैसे कोणत्या महिन्यात गेले हे तिथे गौण असतं. तुम्हीही तसं वाटलंत तर हा खर्च महिन्याला १४ हजार पडतो. म्हणजे तुमचा महिना ६६ नव्हे, ८० हजारांचा आहे आणि हातात २ हजार उरतात.

मग तुम्ही गरीब होत चालला आहात का? मुळीच नाही. उत्पन्न-खर्चाचं पत्रक नीट मांडलं तर चित्र पालटतं. घराचा २१,७०० चा हप्ता तुम्ही सगळाच खर्चात लिहिलाय. कर्जाच्या पत्रकाप्रमाणे वर्षभरात भरलेल्या २ लाख ६० हजारांपैकी व्याज होतं १ लाख ७० हजार, बाकीच्या ९० हजारांनी मुद्दल कमी झालं. व्याज हा खर्च. मुद्दल फेडणं हा खर्च नाही; एका खिशातली रोकड कमी झाली आणि तेवढंच देणं घटलं. पीएफचं उलटं आहे, तो पगारातून परस्पर कापला जातो म्हणून तुमच्या हिशोबात आलाच नाही. तुमचा आणि कंपनीचा वाटा (पेन्शन योजनेकडे जाणारा भाग सोडून) धरला तर वर्षाला सुमारे ७१ हजार, त्यावर जमा झालेलं व्याज सुमारे ५० हजार. हे सगळं उत्पन्नच आहे, फक्त हाताला लागत नाही.

असं मांडल्यावर वर्षाचं उत्पन्न सव्वाअकरा लाखांच्या आसपास आणि खरा खर्च ७ लाख ९० हजार निघतो. वाढावा ३ लाख ३५ हजार. ही रक्कम कुठे गेली तेही जुळतं: पीएफमध्ये १ लाख २१ हजार, घराच्या मुद्दलात ९०, भिशीत ६०, एफडीच्या व्याजात २०, एलआयसीच्या सरेंडर मूल्यात २० आणि बँकेत २४ हजार. ही बेरीज वाढाव्याशी जुळली की पत्रक बरोबर आहे असं समजावं. न जुळल्यास एखादा खर्च तरी निसटलेला असतो, नाहीतर एखादी रक्कम दोनदा धरलेली असते.

आता ताळेबंद. तुमच्या यादीत मी तीन ठिकाणी खोडाखोड केली आहे.

एलआयसीची पॉलिसी तुम्ही १० लाख धरलीत. ती विम्याची रक्कम आहे. ताळेबंदात आज पॉलिसी सोडली तर काय मिळेल तेवढंच येतं, म्हणजे सरेंडर मूल्य २ लाख १० हजार. शाखेत विचारलं की तो आकडा मिळतो.

दागिने तुम्ही पावतीच्या रकमेने ८ लाख लिहिलेत. पावतीत घडणावळ आणि ३ टक्के जीएसटी धरलेला असतो. सराफाकडे परत गेलात तर हे दोन्ही सुटतात. वजन गुणिले आजचा दर, त्यातून घट वजा. मी ६ लाख ८० हजार धरले.

तिसरी खोडाखोड भिशीची, आणि ती मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. वीस जणांची, महिना पाच हजारांची भिशी. चौदा हप्ते भरले म्हणून तुम्ही ७० हजार बचत लिहिलीत. पण चिठ्ठी तुमच्या नावाने दुसऱ्याच महिन्यात निघाली होती, एक लाख तेव्हाच घेतलेत आणि ते संपलेही. चिठ्ठी लागेपर्यंत भरलेले हप्ते हे आपलं येणं असतं. लागल्यानंतर उरलेले सगळे हप्ते देणं होतात. तुमचे सहा हप्ते शिल्लक आहेत, म्हणून मी ७० हजार मालमत्तेतून काढले आणि ३० हजार देण्यांत टाकले. भिशीत गेल्या वर्षी गेलेले ६० हजार वर मी वाढाव्यात धरले ते याच अर्थाने: तेवढं देणं फिटलं.

| मालमत्ता (३१ मार्च) | रुपये |
|---|---|
| घर, आज विकलं तर सावधपणे | ४२,००,००० |
| सोनं | ६,८०,००० |
| पीएफ | ६,५०,००० |
| एफडी | ३,००,००० |
| एलआयसी सरेंडर मूल्य | २,१०,००० |
| बचत खाते | ८५,००० |
| दुचाकी | ४०,००० |
| एकूण | ६१,६५,००० |
| वजा: घराचं कर्ज | १९,५५,००० |
| वजा: भिशीचे राहिलेले हप्ते | ३०,००० |
| निव्वळ संपत्ती | ४१,८०,००० |

४२ लाखांच्या जवळ निव्वळ संपत्ती हा आकडा तुमच्या वयाला चांगला आहे. पण वरून खाली पाहा, यातलं उद्या सकाळी हातात येईल असं किती? एफडी आणि बचत खातं, मिळून ३ लाख ८५ हजार. महिना ८० हजारांचा असेल तर जेमतेम पावणेपाच महिने. बाकी सगळं भिंतीत, पीएफमध्ये आणि कपाटात आहे. तुम्ही बचत भरपूर करता, मात्र तिला हात लावता येत नाही.

या ताळेबंदात आता गाडी आणू. ऑन-रोड ९ लाखांची गाडी मालमत्तेत ९ लाखांना बसत नाही. एक्स-शोरूम ७ लाख ८० हजार, त्यावर पेट्रोल गाडीचा ११ टक्के रस्ता कर, शिवाय विमा आणि नोंदणी. हे वरचे १ लाख २० हजार विकताना परत येत नाहीत, शोरूमच्या दारातच निव्वळ संपत्ती तेवढी घटते. पुढे घसारा. प्राप्तिकराच्या हिशोबात गाडीला वर्षाला १५ टक्के धरतात, बाजारात पहिल्या वर्षी त्याहून जास्त पडतो. १५ टक्केच धरले तरी पहिल्या वर्षी १ लाख १७ हजार. कर्जाचं व्याज ९ टक्क्यांनी ५८ हजार. पेट्रोल महिन्याला साडेचार हजार म्हणजे ५४, विमा-सर्व्हिसिंग २५ हजार. वर्षाचा खर्च २ लाख ५४ हजार.

आता एक आकडा नीट पाहा. गाडीच्या कर्जाचं मुद्दल पहिल्या वर्षी १ लाख १६ हजार फिटतं आणि घसारा होतो १ लाख १७ हजार. घराच्या हप्त्यातलं मुद्दल तुमची संपत्ती वाढवतं, गाडीच्या हप्त्यातलं मुद्दल घसाऱ्यामागे धावत राहतं. एकाच पासबुकातून जाणारे दोन हप्ते, पण ताळेबंदात त्यांचं वजन सारखं नाही. तुमचा ३ लाख ३५ हजारांचा वाढावा ८१ हजारांवर येतो. हे पीएफच्या १ लाख २१ हजारांहूनही कमी, म्हणजे पीएफ बाजूला ठेवला तर घर चालवताना संपत्ती कमी होत जाणार.

रोकडीचा हिशोब याहून कडक आहे. हप्ता आणि गाडी चालवण्याचा खर्च मिळून महिन्याला २१ हजार, आणि तुमच्याकडे उरतात २ हजार. एफडीतले २ लाख दिल्यावर राहिलेले १ लाख ८५ हजार या तुटीत जिरायला सुमारे अकरा महिने लागतील, तेही सहा महिन्यांनी भिशी संपून पाच हजार सुटतात म्हणून. त्यानंतर क्रेडिट कार्ड किंवा सोनेतारण. सात वर्षांचं कर्ज घेतलं तर हप्ता सव्वातीन हजारांनी उतरतो, तूट मात्र राहतेच.

बार्शीचा प्रश्न वेगळा सोडवा. एरवी एसटी, आणि आईवडिलांना दवाखान्यात न्यायचं असेल त्या महिन्यात भाड्याची गाडी. एका खेपेला तीन हजार धरले आणि दर महिन्याला घेतली तरी वर्षाला ३६ हजार होतात. अडीच लाखांशी तुलना तुम्हीच करा. भाड्याच्या गाडीला स्वतःच्या गाडीचा रुबाब नाही, हे मान्य.

करायचं ते एवढंच. पगार झाला की त्याच दिवशी १४ हजार वेगळ्या बचत खात्यात टाका आणि फी, विमा, कर, आहेर फक्त तिथूनच द्या. भिशी संपली की नवी लगेच लावू नका. ते पाच आणि हे दोन असे सात हजार आवर्ती ठेवीत जाऊ द्या. एफडीला हात नको. एफडी, आवर्ती आणि बचत खातं मिळून ६ लाखांच्या पुढे गेले की त्यातून तीन लाखांपर्यंतची जुनी गाडी रोखीने घ्या. तीन लाख राखीव राहतील आणि पेट्रोल-विम्याचे महिन्याचे साडेसहा हजार त्या सात हजारांत बसतील. सध्याच्या पगारावर याला दोन वर्षांहून थोडा जास्त काळ लागेल, पगारवाढ झाली तर कमी. मधल्या काळात दर ३१ मार्चला हाच तक्ता पुन्हा भरा, आणि घराची किंमत मात्र दर वर्षी फुगवू नका. दलाल काहीही म्हणाला तरी खरेदी-विक्री झालेल्या शेजारच्या फ्लॅटचा भाव मिळेपर्यंत ४२ लाखच राहू द्या.