还: ‘हाय’ वाचायचं की ‘हुआन’?

प्रश्न: “मी मंदारिन शिकतेय. धडे ऐकायला मिळावेत म्हणून मजकूर वाचून दाखवणारा आवाज वापरते. तो एकच अक्षर दोन वाक्यांत दोन तऱ्हांनी वाचतो, आणि कधीकधी सरळ चुकतो. शब्दकोश त्याच्या पोटात असताना असं का व्हावं? आणि चिनी लेखक-संपादक यावर काय करतात?”

चिनी भाषेत अशा अक्षरांना ‘तुओ-यिन-त्झ’ म्हणतात, म्हणजे अनेक उच्चारांचं अक्षर. तैवानमध्ये त्यालाच ‘पो-यिन-त्झ’ म्हणतात. मराठीत ही गोष्ट अगदीच अनोळखी नाही. ‘सारं जग’ आणि ‘पाण्याचा जग’ यांतला ज आपण वेगळा म्हणतो, लिहितो मात्र सारखाच. फरक असा, की मराठीत दोन शब्दांमध्ये मोकळी जागा सोडलेली असते. चिनीत ती नसते, आणि यंत्राचा पहिला घोटाळा तिथेच होतो.

यंत्र आधी वाक्याचे शब्द पाडतं. 银行 (बँक) हा शब्द कोशात सापडला की त्यातलं 行 ‘हांग’च वाचायचं हे ठरून जातं, कारण अख्ख्या शब्दाचा उच्चार तिथे दिलेला असतो. शब्दच चुकीच्या जागी तुटले, तर उच्चारही त्यांच्यामागून चुकतो. याचं चीनमध्ये घरोघरी माहीत असलेलं उदाहरण म्हणजे 南京市长江大桥. 南京市 आणि 长江大桥 असे तुकडे केले, तर नानजिंग शहरातला यांगत्से नदीवरचा मोठा पूल, तोच जो १९६८ साली सुरू झाला. इथे 长 हे अक्षर ‘छांग’, म्हणजे लांब. पण 南京市长 आणि 江大桥 असं तोडलं, तर नानजिंगचे महापौर च्यांग ताछ्याओ नावाचे एक गृहस्थ उभे राहतात, आणि तेच 长 ‘चांग’ होतं, म्हणजे प्रमुख. (देवनागरीत च आणि छ वेगळे असल्याने हा फरक आपल्याला एका अक्षरात दाखवता येतो.) पूल प्रसिद्ध आहे, म्हणून आजची यंत्रं तो बहुधा नीट वाचतात. अनोळखी पूल आणि अनोळखी आडनाव आलं, की ती खात्री राहत नाही.

शब्द बरोबर पाडूनही भागत नाही, अशी वाक्यं मला जास्त महत्त्वाची वाटतात. हे पाहा: 他还欠款五千元. यातलं 还 ‘हाय’ वाचलं तर अर्थ होतो, ‘त्याच्यावर अजून पाच हजार युआनचं देणं आहे.’ ‘हुआन’ वाचलं तर, ‘त्याने थकलेले पाच हजार युआन फेडले.’ रक्कम तीच, पण देणं आहे की फिटलं हे उलटं झालं. दोन्ही वाचनांत 还 एकटाच शब्द आहे, त्यामुळे कोशातला लांब शब्द मदतीला येत नाही. मग यंत्र शेजारपाजारची अक्षरं बघून अंदाज करतं, आणि अंदाजाचा कल जास्त वापरात असलेल्या ‘हाय’कडे जातो. इथे चिनी माणूससुद्धा मागचापुढचा मजकूर पाहिल्याशिवाय ठामपणे सांगू शकत नाही, म्हणून हा दोष मी आधी वाक्याच्या पदरात टाकतो, मग यंत्राच्या.

म्हणूनच चांगला संपादक इथे उच्चार दुरुस्त करत बसत नाही, तो वाक्य बदलतो. ‘अजून देणं आहे’ म्हणायचं असेल तर 还 काढून 仍 घालायचं: 他仍欠五千元. 仍 ला एकच उच्चार आहे. ‘फेडले’ म्हणायचं असेल तर एका अक्षराऐवजी दोन अक्षरी 归还 (परत करणे) घ्यायचं आणि आधी 已 (आधीच, झालेलं) लावायचं: 他已归还欠款五千元. 归还 कोशातला शब्द असल्यामुळे त्यातलं 还 ‘हुआन’खेरीज दुसरं काही होऊच शकत नाही. सगळी युक्ती यातच आहे: एकटं पडलेलं अक्षर दोन अक्षरी शब्दात बसवायचं.

यालाही अपवाद आहेत. विद्यार्थ्यांसाठी एक धडा ध्वनिमुद्रित करताना माझी 一行五人 वर फसगत झाली. अर्थ ‘पाच जणांचा जथा’, आणि 行 चा उच्चार ‘शिंग’. आवाजाने ‘हांग’ वाचलं, म्हणजे ‘एक ओळ, पाच माणसं’. 一行 हा दोन अक्षरी शब्द कोशात आहे, पण दोन्ही उच्चारांनी आहे. तिथे 一行 काढून नुसतं 他们五个人 (ते पाच जण) असं लिहिलं आणि विषय मिटवला.

शब्द बदलायची मुभा नसते तिथे, म्हणजे अवतरण, कायद्याचं कलम, कविता अशा ठिकाणी, वाचनाच्या मजकुरात खूण घालतात. काही चिनी सेवांमध्ये ती अशी असते:

```
他<phoneme alphabet="py" ph="huan2">还</phoneme>欠款五千元
```

huan हा रोमन लिपीतला उच्चार आणि 2 म्हणजे दुसरा, चढता सूर. `alphabet` मध्ये काय लिहायचं ते सेवेगणिक बदलतं, त्यामुळे एका ठिकाणची फाइल दुसरीकडे जशीच्या तशी चालेल असं धरू नका. शिवाय एकाच अक्षराला खूण लावली की तिथे शब्द तुटल्यासारखी बारीक फट ऐकू येऊ शकते. अक्षर एखाद्या शब्दाचा भाग असेल तर खूण पूर्ण शब्दाला लावावी.

ज्या सेवेत खूणच चालत नाही, तिथे लोक त्याच उच्चाराचं, पण एकच वाचन असलेलं अक्षर घालतात. 还 च्या जागी 环 (कडं), उच्चार ‘हुआन’च. कानाला बरोबर लागतं, पण वाक्य वाचायला निरर्थक होतं. ही प्रत फक्त आवाजासाठी वेगळी ठेवायची; तिच्यावरून उपशीर्षकं केली की कडं पडद्यावर दिसणार.

ही युक्ती ऐकून कोणी नाक मुरडू नये, कारण तिची परंपरा फार जुनी आहे. कन्फ्यूशियसच्या संवादांचं पहिलंच वाक्य घ्या. शिकलेलं वेळोवेळी गिरवणं ‘不亦说乎’, म्हणजे ‘आनंदाचं नाही का?’ 说 हे आज ‘श्वो’ (बोलणे), इथे मात्र ‘युए’ (आनंद). बाराव्या शतकात चू शी या भाष्यकारांनी टीकेत इतकंच लिहिलं, की हे 悦 सारखंच आहे; 悦 म्हणजे ‘युए’ असंच वाचलं जाणारं, आनंद अर्थाचं अक्षर. अक्षराचा बदललेला सूर दाखवायला जुन्या ग्रंथांत त्याच्या एका कोपऱ्यात छोटं वर्तुळही काढत, आणि कोपरा कोणता यावरून सूर कळे.

राहिली नावं. 单 सामान्यतः ‘तान’, आडनाव असलं की ‘शान’. 仇 सामान्यतः ‘छोउ’ (वैर), आडनाव असलं की ‘छ्योउ’. हे नियम यंत्राला शिकवता येतात. 乐 हे आडनाव मात्र काही घराण्यांत ‘युए’ आहे आणि काहींत ‘ल’. इथे कोश दोन्ही देतो आणि मजकुरात कसलाच सुगावा नसतो. संपादक त्या माणसाला विचारतो आणि उत्तर आपल्या उच्चारांच्या वहीत नोंदवून ठेवतो.